कस्तुराचे त्र्याण्णव टक्के

कस्तुरा ओव्हाळला राग येत नाही, याचाच मला वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त राग येत आला. आकुर्डीच्या एका कॉलेजात आम्ही दोघी समाजशास्त्र शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असला की मॅडम, सुट्टी लागली की कोण तुम्ही? नेट-सेट दोघींचीही झालेली नव्हती, त्यामुळे पीएचडी झाल्याशिवाय कायमच्या जागेच्या मुलाखतीला उभंही राहता येणार नाही, हे दोघींनाही कळत होतं. मी नुकतीच नोंदणी केली होती. कस्तुराची मात्र सगळी मुदत, बायकांना मिळणारी वाढीव मुदतसुद्धा, त्या जूनअखेर संपत होती.

तिचे वडील अण्णासाहेब भोसरीच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगवर होते. जन्मभर साच्यात वाळू ठोकली आणि पोरीला एकच शिकवलं, ‘साहेबाशी वाद घालायचा नाही, आपलं काम बोलतं.’ काम बोलतं म्हणे! काम बोलत असतं तर अण्णासाहेब त्याच मशीनवरून हेल्पर म्हणून रिटायर झाले नसते. पण हे त्यांच्या तोंडावर कोण बोलणार? माणूस इतका सज्जन, की घरी गेलं की आधी पंखा पाहुण्याकडे वळवतात.

कस्तुराचा विषय होता चाकणच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगार बायका. त्यासाठी ती शिफ्ट सुटायच्या वेळी तळेगाव चौकात जाऊन उभी राहायची, बायकांबरोबर शेअर रिक्षात कोंबून बसायची, त्यांच्या खोल्यांवर भाकऱ्या थापायची. या बायका सुरुवातीला हिला ठेकेदाराचं माणूस समजल्या. बोलायला लागल्या त्या दुर्गाबाईंमुळे. दुर्गाबाई खेड तालुक्यातल्या, गाड्यांचे सुटे भाग पॅक करणाऱ्या. त्यांचं एक बोलणं कस्तुरानं प्रबंधात जसंच्या तसं घेतलं होतं: ‘गेटावर माझं नाव न्हाई, नंबर हाय. ठेकेदार बदलला की नंबर बदलतो. काम त्येच, हात त्येच. मला इचारा कोण हाय, तर मी आधी नंबरच सांगते.’

तिचे मार्गदर्शक बेंद्रे सर. संशोधन केंद्रात त्यांचा दरारा असा, की त्यांच्या केबिनबाहेर चपला काढायची पद्धत नसूनही दोघे-तिघे काढायचे. विद्यार्थ्यानं गाईडला ‘का’ विचारायचं नसतं. गाईडच्या मुलीच्या लग्नात वाढायला उभं राहायचं असतं. कस्तुरा उभी राहिली होती.

प्रबंध लिहून झाला. सल्लागार समितीपुढे सादरीकरण झालं, समितीनं किरकोळ दुरुस्त्या सांगून सादर करायला हरकत नाही म्हटलं. ग्रंथालयातल्या अधिकृत साधर्म्य तपासणीला, म्हणजे मजकूर कुठून उचललेला नाही ना हे बघणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, जाण्याआधी बेंद्रे सर म्हणाले, “कस्तुरा, फाइल मला पाठव. मी आधी माझ्याकडे टाकून बघतो. उगाच तिथं शोभा नको.”

किती मायेनं म्हणाले! आमच्याकडे असं सर्रास चालतं. अधिकृत तपासणीत जास्त आकडा आला तर नाचक्की होते, म्हणून सगळे आधी कुठंतरी चोरून तपासून घेतात. सर दुसऱ्या एका कॉलेजात पाहुणे प्राध्यापक म्हणून जायचे. तिथल्या मुलांच्या असाइनमेंट तपासायला मिळालेल्या खात्यात त्यांनी हिचा अख्खा प्रबंध टाकला. आकडा आला सहा टक्के. कस्तुरानं स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

सरांनी एक गोष्ट बघितली नव्हती. फाइल टाकताना ‘साठवू नये’ असं निवडावं लागतं. ते निवडलं नाही तर प्रत त्या सॉफ्टवेअरच्या साठ्यात जाऊन बसते, आणि पुढची प्रत आली की तिला आधीच्या प्रतीशी ताडून बघितलं जातं.

ग्रंथालयाचा अहवाल आला. साधर्म्य त्र्याण्णव टक्के.

मी तिच्या शेजारी उभी होते. तिनं तो आकडा वाचला आणि पुसावा तसा पदरानं स्क्रीन पुसला. यूजीसीचा नियम आम्हा सगळ्यांना पाठ आहे. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही. दहा ते चाळीसमध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या. चाळीस ते साठ असेल तर सुधारलेला प्रबंधसुद्धा वर्षभर देता येत नाही. साठच्या वर गेलात, तर नोंदणी रद्द.

आम्ही सरांकडे गेलो. सरांनी अहवाल चाळला. पहिल्याच पानावर, जवळजवळ सगळ्या मजकुराचा स्रोत म्हणून, त्या दुसऱ्या कॉलेजचं नाव होतं. ‘विद्यार्थ्याने सादर केलेला मजकूर’ असं पुढे लिहिलेलं. सरांना ते दिसलं, हे मला दिसलं.

“असं कर,” सर म्हणाले, “शब्द फिरव.”

“कुणाचे शब्द, सर?” कस्तुरानं विचारलं.

“तुझेच गं. वाक्यरचना बदल. आणि ह्या बायकांची बोलणी आहेत ना, ती जरा शास्त्रीय भाषेत घे. ही दुर्गाबाई बघ. ‘सदर महिलेस ओळखीबाबत अस्थिरता जाणवते’ असं लिही. आकडा झटकन खाली येईल. मी बघतो समितीचं.”

“सर, ती जुनी प्रत तुमच्या खात्यातून गेलीय. तुम्ही काढायची विनंती पाठवली, तर तिथले ग्रंथपाल मंजूर करतात. मी विचारून आले.”

“तू विचारायला गेलीस?” सरांचा आवाज चढला. “बाहेरचे प्रबंध मी तिथं तपासतो हे गावभर करणारेस का? तुला डिग्री हवीय की माझी बदनामी?”

बाहेर आल्यावर मी तोंडाला येईल ते बोलले. ही बाई मात्र म्हणाली, “सर घाबरलेत गं.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! चूक करणार हे, निस्तरणार ही, आणि वर स्वतःचंच लिखाण स्वतःपासून चोरल्यासारखं बदलायचं. प्रामाणिक माणसाला चोरासारखी वागणूक देणारी ही जमात म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. मी तिला म्हटलं, “फिरवणार आहेस?”

ती म्हणाली, “माझं फिरवलं असतं. दुर्गाबाईंचं नाही फिरवणार.”

प्रकरण विभागाच्या शैक्षणिक सचोटी समितीपुढे गेलं. मला आत जाता येणार नव्हतं, मी दाराला लागून असलेल्या बाकावर बसले होते आणि दार नीट लागत नव्हतं, यात माझा दोष नाही. अध्यक्षबाईंनी बेंद्रे सरांना सरळ विचारलं, “ही प्रत त्या कॉलेजात कशी गेली?”

“कल्पना नाही, मॅडम,” सर म्हणाले. “हल्ली मुलं कुठंही फाइली देतात.”

आणि मग कस्तुराचा आवाज आला, नेहमीसारखाच हळू. “सरांना माहीत नसेल तर माझा प्रबंध चोरीला गेलाय, मॅडम. मी आत्ता लेखी तक्रार देते. त्या कॉलेजला पत्र पाठवून विचारा, तो कुठल्या खात्यातून टाकला गेला.”

बाकावर बसल्या बसल्या मी मूठ आवळली. आत खुर्ची सरकली. सर खाकरले. “एक मिनिट, मॅडम. आता आठवतंय. मीच... प्राथमिक तपासणीसाठी...”

आठवलं बरं का! सरांनी लिहून दिलं, जुनी प्रत साठ्यातून निघाली, ग्रंथालयानं पुन्हा तपासणी केली. सहा टक्के, तेही बहुतेक कायद्यांची आणि संस्थांची नावं. गाईडचं प्रमाणपत्र आणि अहवाल जोडून प्रबंध मुदतीत विद्यापीठात सादर झाला. जून संपायच्या आत झाला, हेच आमच्यासाठी दिवाळी.

पण गाईड नावाच्या माणसाच्या हातात आणखी एक दोरी असते. प्रबंध दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. दोघांचेही अहवाल अनुकूल आले तरच मौखिक परीक्षा. ते आले. आता परीक्षकाची सोय विचारून तारीख सुचवायची ती गाईडनं, मग परीक्षा विभाग मान्यता देतो आणि सूचना निघते. विद्यार्थ्यानं परीक्षकाला फोन करायचा नाही, तो कोण हेही त्याला आधी कळता कामा नये. सर म्हणायचे, “परीक्षक बिझी आहेत.” दिवाळी झाली तरी परीक्षक बिझीच. मुलाखतीच्या जाहिराती येऊन जात होत्या.

या वेळी मला तिला काही सांगावं लागलं नाही. प्रबंध सादर झाल्यापासून मौखिक परीक्षेसह सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत व्हायला हवी, हा नियम दाखवून तिनं परीक्षा विभागाला अर्ज केला. विभागानं सरांकडे विचारणा केली. आठवड्यात परीक्षक मोकळे झाले! नागपूरचे प्राध्यापक, ऑनलाइन नको, प्रत्यक्ष येतो म्हणाले.

मौखिक परीक्षा खुली असते. तासिकावाले सगळे आले. अण्णासाहेब इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले, आणि त्यांच्या शेजारी सुट्टी टाकून आलेल्या दुर्गाबाई. कस्तुरानं तासभर मांडणी केली. नागपूरच्या सरांनी कठीण प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. शेवटी ते म्हणाले, “हे नंबरचं बोलणं वाचून दाखवा.”

तिनं वाचलं. ‘...मला इचारा कोण हाय, तर मी आधी नंबरच सांगते.’

मागून दुर्गाबाई उठून उभ्या राहिल्या. “व्हय. मीच बोल्ले हे. माझंच हाय.”

नागपूरचे सर हसले, हात जोडले. आणि बेंद्रे सर, माइक ओढून घेत, सगळ्या सभागृहाकडे बघून म्हणाले, “मी तिला पहिल्यापासून सांगत होतो. बायकांचे शब्द जसेच्या तसे ठेव, एकही फिरवू नकोस.”

माझ्या कानशिलात रक्त चढलं. पण निकाल अजून व्हायचा होता. अहवालावर त्या माणसाची सही लागायची होती. अण्णासाहेब कस्तुराकडे बघत होते आणि मान किंचित हलवत होते, ‘नको, नको.’

कस्तुरानं वडिलांकडे बघितलं. मग सरांकडे वळून, माइकशिवाय, तरी शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं म्हणाली, “नाही, सर. तुम्ही ‘फिरव’ म्हणाला होतात. नाही म्हणाले ती मी.”

नागपूरच्या सरांनी बेंद्रे सरांकडे बघितलं, वहीत काही लिहिलं, आणि म्हणाले, “चला, अहवाल करू.” दोघे आत गेले. बाहेर आले तेव्हा दोन्ही सह्या झालेल्या होत्या, आणि नाव नागपूरच्या सरांनी पुकारलं, “डॉक्टर कस्तुरा अण्णासाहेब ओव्हाळ.”

टाळ्यांमध्ये अण्णासाहेब बसूनच राहिले होते. मी त्यांना उठवायला गेले, तर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी कधीच बोललो न्हाई, पोरी. बोलायला पाहिजे होतं.”