नकारपत्र

कामोठ्याच्या शाळेत मी मुख्याध्यापिका होते त्या वर्षी डिसेंबरात माझं गर्भाशय काढायचं ठरलं. डॉक्टर म्हणाल्या, लांबवू नका. मी वैद्यकीय दाखला जोडून सहा आठवड्यांच्या रजेचा अर्ज संस्थेकडे दिला. माझ्या गैरहजेरीत प्रभार उपमुख्याध्यापकांकडे द्यावा, असं त्यातच लिहिलं. बावीस वर्षांच्या नोकरीत एवढी मोठी रजा मी पहिल्यांदाच मागत होते.

आठ दिवस उत्तर नाही. मग संस्थेच्या सचिवांनी कार्यालयात बोलावलं. अध्यक्ष आणि आणखी दोन सदस्य बसले होते. चौघेही पुरुष. दाखला टेबलावर उघडाच पडलेला.

"नक्की कसलं ऑपरेशन आहे मॅडम?" सचिवांनी विचारलं.

"दाखल्यात लिहिलंय."

"ते इंग्रजीत आहे हो. साध्या भाषेत सांगा ना. म्हणजे खरंच इतके दिवस लागतात का, ते कळेल."

माझ्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. दहावीच्या वर्गाला प्रजननसंस्था शिकवताना माझा आवाज कधी अडखळला नव्हता. तिथे क्षणभर अडखळला. मग मी स्पष्ट म्हटलं, "गर्भाशय काढणार आहेत. पोट कापून. अजून काही सांगू?"

दोघं सदस्य चहाच्या कपात बघायला लागले. अध्यक्ष गावातले जुने जमीनदार, आता बांधकामात. ते तेवढं म्हणाले, "बास रं. बाईंना कशाला इचारतंस? रजा तर द्याची हाय ना?"

"रजा देऊच," सचिव म्हणाले, "पण चार्ज उपमुख्याध्यापकांना नको. दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर आहे, त्यांना झेपणार नाही." आणि त्यांनी एका शिक्षिकेचं नाव घेतलं. ती त्यांचीच सून. शाळेत लागून सहा वर्षं झालेली. तिच्यापुढे ज्येष्ठतेत अकरा जण होते.

"उपमुख्याध्यापक असताना तसं करता येत नाही," मी म्हटलं. "शिक्षणाधिकारी कार्यालय तिच्या सहीला मान्यता देणार नाही."

"देईल. उपमुख्याध्यापकांनी स्वतःच लेखी नकार दिलाय." सचिवांनी फाइलमधला कागद पुढे सरकवला. 'प्रकृतीच्या कारणास्तव प्रभार स्वीकारण्यास असमर्थ आहे.' खाली आमच्या सरांची सही, तारीख नाही.

मी तडक गणिताच्या तासाला जाऊन उपमुख्याध्यापकांना बाहेर बोलावलं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, भांडण टाळणारा माणूस. वर्गाच्या दाराशी खाली मान घालून उभे राहिले.

"तुमच्या प्रकृतीला काय झालंय सर?"

"काही नाही मॅडम." खडूने पांढरी झालेली बोटं ते पँटला पुसत राहिले. "त्यांनी टाइप करूनच आणलं होतं. म्हणाले, सही करा, नाहीतर तुमच्या पेन्शनचे कागद कोण बघणार?"

मला त्यांचा जितका राग आला, तितका सचिवांचाही आला नव्हता. "उद्या मी भूल घेऊन पडलेली असेन आणि शाळा तुमच्या भित्रेपणावर चालेल," असं मी बोलून गेले. त्यांचा चेहरा पडला. शब्द परत घेता आले नाहीत. खरं तर घ्यायचेही नव्हते.

संध्याकाळी ते माझ्या केबिनमध्ये आले. हातात स्वतः लिहिलेलं पत्र. 'दिनांकविरहित नकारपत्रावरील सही दबावाखाली घेतली असून ते मी मागे घेत आहे. प्रभार स्वीकारण्यास तयार आहे.' आवक नोंद करून मी एक प्रत संस्थेला दिली. दुसऱ्या दिवशी पोटात कळा येत असताना पनवेलहून एसटीने अलिबागला गेले आणि माध्यमिक शिक्षणाधिकारी कार्यालयात दुसरी प्रत देऊन पोच घेतली. तिथला लिपिक वाचून म्हणाला, "आता संस्थेने दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव पाठवला तरी परत जाईल. पण मॅडम, यांचाही प्रस्ताव संस्थेकडूनच यायला हवा. ठरावासकट."

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी अध्यक्षांनी सचिवांना उपमुख्याध्यापकांच्या नावाच्या ठरावावर आणि प्रस्तावावर सही करायला लावली. मी आणि सरांनी कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, जनरल रजिस्टर, सेवापुस्तकं एकेक मोजून प्रभाराच्या यादीवर सह्या केल्या. यादी, ठराव आणि प्रस्ताव अलिबागला गेले. मी निघताना सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही निश्चिंत जा." मी त्यांना माफ केलं होतं का, माहीत नाही; पण त्या वाक्यावर विश्वास ठेवला.

मंजुरीचा आदेश मुलीने दवाखान्यात आणून दिला. 'आपल्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून, विशेष बाब म्हणून' रजा मंजूर केली होती. टाके ओढत असताना मी उशीला टेकून बसले आणि मुलीला कागद-पेन मागितलं.

"आई, आत्ता?"

"आत्ताच."

रजा माझ्या खात्यावर शिल्लक आहे आणि ती नियमानुसार मागितली आहे, असं लिहिलं. आदेशातून 'सहानुभूतीपूर्वक' आणि 'विशेष बाब' हे शब्द वगळून सुधारित आदेश द्यावा. अक्षर वेडंवाकडं आलं, तरी तेच पाठवलं.

सुधारित आदेश कधीच आला नाही. दर महिन्याला मी स्मरणपत्र पाठवत राहिले, निवृत्त होईपर्यंत.