चंद्रासाठी राखलेला दिवस

लोक म्हणतात मी स्वतःची टिमकी वाजवतो. वाजवतो की! सोलापुरातल्या त्या हायस्कुलात मी गणित शिकवायचो, आणि शाळेचं अख्खं वर्ष कागदावर मांडायचं काम माझ्याकडे होतं. ते दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं, हे मी तेव्हाही तोंडावर सांगायचो.

त्या वर्षी ऐन श्रावणात उंदीर पडायला लागले आणि प्लेगाने गाव रिकामं झालं. लोक माळावर झोपड्या घालून राहिले, शाळेला कुलूप. दसऱ्यानंतर वर्ग भरले तेव्हा मॅट्रिकची पोरं निम्मी भूमिती विसरून आली होती. प्रिलिमिनरी परीक्षा जानेवारीतच घ्यावी लागणार होती. तिचा निकाल लावून, पास झालेल्यांचे फॉर्म मुंबईला वेळेत गेले नाहीत तर वर्गाचं वर्ष बुडालं. प्लेग झाला म्हणून युनिव्हर्सिटी थांबत नाही.

मी सगळ्या शिक्षकांसमोर बोलून बसलो, "एका जरी पोराचा फॉर्म राहिला तर मी खडू हातात धरणार नाही."

हेडमास्तर मिशीत हसले. "मास्तर, जपून बोला. खडू सोडून करणार काय तुम्ही?"

मग मी कात्री चालवली. दिवाळीची सुट्टी मुख्य सणापुरती ठेवली, नाताळची जवळजवळ उडवली, शनिवारची अर्धी शाळा पूर्ण केली. आणि भरपाईच्या दिवशी बुडालेल्या वाराचंच वेळापत्रक लावलं. म्हणजे हा शनिवार सोमवारसारखा, पुढचा मंगळवारसारखा. नाहीतर सगळे शनिवार ड्रॉइंग आणि कवायतीतच जातात आणि भूमिती बुडते ती बुडतेच. हे इतकं साधं आहे, पण सुचायला डोकं लागतं.

हेडमास्तरांना संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेची सुट्टीही उडवायची होती. ते मूळचे पुण्याचे. मी म्हटलं, "साहेब, संक्रांतीला काठ्यांची मिरवणूक निघाली की अर्धा वर्ग तिच्यामागे असतो. तुम्ही भिंतींना शिकवणार का?" गड्डा वाचला.

खरी खडाजंगी पुढे झाली. जत्रा संपताच परीक्षा सुरू, आणि तिच्या मधोमध रमजान ईद. सरकारी यादीत ईद बुधवारी होती, म्हणून हेडमास्तरांनी बुधवारी सुट्टी आणि गुरुवारी गणिताचा पेपर टाकला. आमचे फारसीचे मौलवीसाहेब शेजारी बसले होते. त्यांनी यादीवर नजर टाकली आणि म्हणाले, "मास्तर, चांद किसका टाइमटेबल सुनता? मंगळवारी दिसला तर बुधवारी ईद, न दिसला तर गुरुवारी."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी गुरुवार पुसला आणि पेपर शुक्रवारवर नेला. बुधवार-गुरुवारपैकी एक दिवस ईद आणि उरलेल्या दिवशी उजळणीचा वर्ग. कुठला कधी ते चंद्राने ठरवावं.

हेडमास्तर भडकले. "आधीच दिवस कमी, आणि तुम्ही एक मोकळा सोडताय? पेपर तपासायला वेळ कुठून आणणार?"

"गणिताचे मी तपासतो. पण गुरुवारी ईद निघाली तर आपली मुसलमान पोरं पेपराला येणार नाहीत. त्यांच्यासाठी दुसरा पेपर काढायचा, पुन्हा परीक्षा, पुन्हा तपासणी. तेवढ्यात फॉर्मची मुदत गेलेली असेल. दिवस राहू द्या, साहेब."

"राहू द्या! पण फसलात तर माझ्याकडे येऊ नका."

मंगळवारी संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. आभाळ स्वच्छ होतं. मौलवीसाहेब पश्चिमेकडे डोळे लावून उभे, मीही, आणि हेडमास्तर "मला काय त्याचं" म्हणत शेवटपर्यंत थांबले. गिरण्यांच्या चिमण्या काळ्या झाल्या, तरी चंद्र काही दिसला नाही. खाली मशिदीपाशी लोक वाट पाहून पांगले. मौलवीसाहेब म्हणाले, "गुरुवारी ईद." मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारली. त्यांचा रोजा अजून एक दिवस वाढला होता, हे नंतर लक्षात आलं. ते हसत म्हणाले, "तुमच्या भूमितीसाठी एक रोजा मी और रखता हूँ."

बुधवारी मी भूमितीचा वर्ग घेतला. गुरुवारी मौलवीसाहेबांच्या घरी पोटभर शिरखुर्मा हाणला. शुक्रवारी सगळा वर्ग पेपराला बसला, एक बाक रिकामं नव्हतं. त्या वर्षी कुणी नापासही झालं नाही, आणि सगळ्यांचे फॉर्म मुदतीच्या आत मुंबईला रवाना झाले. छाती फुगून सदऱ्याची बटणं तुटायची बाकी होती माझी.

हेडमास्तर मात्र निकालावर सही करून पुढच्या कामाला लागले. मला त्याचा राग आला होता, खोटं कशाला सांगू.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सभागृहातल्या मोठ्या फळ्यावर नवं वर्ष मांडायला मी गेलो, तर हेडमास्तर आधीच तिथे. मौलवीसाहेबांना विचारून त्यांनी ईद लिहिली होती आणि तिच्या पुढच्या दिवसाचा चौकोन चंद्रासाठी आखून कोरा ठेवला होता. बाकी सगळा फळा तसाच मोकळा होता. त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हा दिवस मी धरलाय. बाकीचं वर्ष तुम्ही मांडा, मास्तर."