पिन तुटली तरी

नव्वदच्या दशकात सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात मी फिटर होतो. माझं काम गव्हाणीवर, म्हणजे ऊस ओढत गिरणीकडे नेणाऱ्या साखळ्यांवर. त्या साखळ्या फिरवणाऱ्या शाफ्टवर एक मोठं दातेरी चाक सैल बसवलेलं असे. मोटार चाक फिरवी आणि चाकाला शाफ्टशी जोडणारी एकच पिन असे, मऊ लोखंडाची, मधोमध खाच पाडलेली. ऊस अडकला की पिन तुटायची, चाक शाफ्टवर मोकळं फिरायचं आणि साखळी जागेवर थांबायची. या पिना आमचा मिस्त्री स्वतः लेथवर करी. म्हसवडकडचा माणूस, तोंडाचा फटकळ, कामाला वाघ.

गव्हाणीत पहिली मोळी टाकायला पाहुणे येणार म्हटलं की सगळी यंत्रं रंगवायची, हा आमच्याकडचा रिवाज. त्या वर्षी मी चाकाला असा लाल ऑइलपेंट फासला की ग्रीस सोडायचं भोकच बुजलं. ग्रीसगन लावून दाबली, आत काही जाईना. खरवडायचा मला कंटाळा आला.

"गिरीस सोडलंस का रं?" मिस्त्रीनं विचारलं.

"व्हय, मिस्त्री." बिनदिक्कत थाप मारली मी.

पावसाळाभर उभं राहून चाक आतून गंजलं होतं, हे रंगाखाली कुणाला दिसणार? हंगाम ऐन भरात असताना एका सकाळी उसाबरोबर कुणा गाडीवानाची पहार आत गेली आणि साखळीत आडवी बसली. पिन तुटल्याचा आवाज मी ऐकला. सुटलो, असं वाटलं. पण चाक बोटभर सरकलं आणि कोरड्या शाफ्टलाच आवळून बसलं. मोटार ओढतच राहिली. चाकाचे दात कडाकडा मोडून पत्र्यावर गोळ्यांसारखे आदळले. बंद करायचं बटन माझ्यापासून दोन पावलांवर होतं, पण माझे पाय उचलेनात. मिस्त्री मला ढकलून तिकडे झेपावला, तेवढ्यात साखळी तुटली. तिचं टोक सपकन फिरलं आणि त्याचा उजवा हात कोपराखाली लोंबू लागला. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर उडाली. त्यानं डाव्या हातानं बटन दाबलं, मगच तो खाली बसला.

मिरजेच्या दवाखान्यात हात कापावा लागला. चौथ्या दिवशी मी त्याच्या खाटेपाशी जाऊन रंग, भोक, थाप, सगळं सांगून टाकलं. त्यानं ऐकून घेतलं आणि डाव्या हाताची अशी कानफटात दिली की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"सायबांना सांगतो," मी म्हणालो, "चूक माझी हाय."

"सायेब कालच यिऊन गेलं. तपासायचं काम माजं हुतं, मी तपासलं न्हाई, असं सांगितलंय. तुजी नोकरी घालवून माजा हात उगवणार हाय व्हय? गप ऱ्हा."

मार खाल्ला की सुटेन, असं मला वाटलं होतं. मी तिथंच रडायला लागलो. एवढ्यात त्याची बायको चहा घेऊन वर आली.

"रडू नगा भावजी," ती म्हणाली. "तुमी जवळ हुता म्हणून ह्येंचा जीव तरी वाचला."

मिस्त्रीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मी तिच्या हातातला कप घेतला आणि चहा प्यालो.