एक मार्क आणि वहीतलं छत्तीस

माझा ब्लाऊज गेली बारा वर्षं एकच बाई शिवते. आमच्याच गल्लीत, लालबागच्या मार्केटमागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर तिची खोली आहे. खोलीबाहेर गॅलरीत मशीन, मशीनच्या खणात एक लाल पुठ्ठ्याची वही, आणि त्या वहीत आसपासच्या सगळ्या बायकांची मापं. माझ्या पानावर छातीचं माप छत्तीस. घरी नवरा ताटात तिसरी पोळी वाढताना भुवई उंचावतो तेव्हा मी त्याला त्या वहीचा दाखला देते. लेखी पुरावा आहे म्हणते.

तिला मी वहिनी म्हणते. ती मला बाई म्हणते, कारण मी परळच्या एका मराठी शाळेत गणित शिकवते आणि तिची मुलगी माझ्या वर्गात होती. आठवीत. मुलगी गुणी, अक्षर मोत्यासारखं, आणि गणिताचा तास सुरू झाला की तिचा चेहरा दंतवैद्याच्या बाकड्यावर बसल्यासारखा व्हायचा. तीस वर्षांच्या नोकरीत असे चेहरे मी इतके पाहिलेत की माझाच काही दोष असावा, असं वाटण्याचीही आता सवय झाली आहे.

चूक माझ्यापासूनच सुरू झाली. एप्रिलचे दिवस, पेपर तपासून झालेले, निकाल अजून लागायचा होता. निकालाआधी पालकांशी अवाक्षर बोलायचं नाही, हे मी नव्या शिक्षिकांना दरवर्षी बजावते. आणि मी भाचीच्या लग्नाचा ब्लाऊज टाकायला गेले, दोन्ही हात वर करून उभी राहिले, वहिनीची टेप माझ्या छातीभोवती, आणि तिने सहज विचारलं, "आमचं बाळ कसं काय?" मी म्हटलं, "बाकी सगळं छान आहे हो. गणित तेवढं राहिलं."

टेप सैल पडली.

आठवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावीच लागते. पूर्वी पोरं आपोआप वर सरकायची, आता नाही. विषयाला साठ मार्क, पास व्हायला एकवीस. नियमाने सवलतीचे म्हणून एका विषयात जास्तीत जास्त पाच देता येतात. तेवढे देऊनही जमलं नाही, तर जूनमध्ये फेरपरीक्षा. त्यातही राहिलं, तर पुन्हा आठवी. हे सगळं वहिनीला माहीत होतं. मला जे माहीत नव्हतं ते तिने मशीनवरचा कपडा उगाच सारखा करत सांगितलं. मुलीचे बाबा करी रोडला एका टॉवरच्या गेटवर ड्युटी करतात. त्यांनी घरात सांगून ठेवलं होतं, की पोरगी अडकली तर शाळा बंद. तेच वर्ष दोनदा करण्यात अर्थ नाही, घरात मशीन आहे, बसेल आईजवळ.

"अजून निकालावर सही नाय ना झाली, बाई?" तिने विचारलं. "मग तुमच्याच हातात आहे."

मी अजून हात वर करूनच उभी होते. त्या अवस्थेत माणसाला नाही म्हणता येत नाही. मी म्हटलं, उद्या शाळेत या, पेपर घेऊन बसू. हे उत्तर शहाणपणाचं होतं असं मी नंतर स्टाफरूममध्ये सांगितलं. खरं म्हणजे मी पळ काढला होता.

दुसऱ्या दिवशी ती आली, इस्त्रीची साडी नेसून. शाळा रिकामी होती. मी खुर्ची टेबलाच्या तिच्या बाजूला ओढली, कारण टेबलापलीकडून बोललं की माणूस बँकेतल्यासारखं बोलतो, असं माझं मत आहे. पेपर दोघींच्या मध्ये ठेवला. आधीच सांगितलं, की माझ्याकडून काही तपासायचं राहिलं असेल, बेरीज चुकली असेल, तर ते आत्ता इथेच दुरुस्त करीन, तो तिचा हक्क आहे. त्यापलीकडे काही करणार नाही.

मग एकेक पान उलटलं. लेखी आणि तोंडी मिळून चौदा. वहिनी सातवीपर्यंत शिकलेली, पण बोट ठेवून प्रत्येक बरोबर-चूक विचारत होती. चौथ्या पानामागे एक क्षेत्रफळाचं उदाहरण निघालं. सूत्र बरोबर, किमती बरोबर, पुढे गुणाकारात घोळ. सूत्राचा एक मार्क द्यायला हवा होता. पान उलटताना माझ्या नजरेतून सुटला होता. मी लाल पेनने दिला, चौदा खोडून पंधरा केले, शेजारी सही केली, आणि सांगितलं की यावर हेडबाईंचीही सही घेईन. स्वतःची चूक सापडून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

पंधरा आणि सवलतीचे पाच, वीस.

तिने बेरीज माझ्याआधी केली. कापडाच्या हिशेबात तिचा हात कुणी धरत नाही. आम्ही दोघी पुन्हा पहिल्या पानापासून निघालो. आता मीच जास्त आशेने शोधत होते. कुठे अर्धा मार्क, कुठे एखादी पायरी. दोनदा गेलो. काही नव्हतं. वीस म्हणजे वीस.

"एकच, बाई," ती म्हणाली. "एक मार्काने काय कोणाचं घर बुडणारे?"

मी सांगितलं की वर्गात आणखी दोघं आहेत, दोघंही विसावर थांबलेत. तिने विचारलं, त्यांच्या आया आल्या का? नव्हत्या आल्या. मी तेच म्हणत होते, की न आलेल्यांवर अन्याय नको, पण तिला ते उलट ऐकू गेलं असावं.

मग थोडा वेळ ती पेपराची कडा बोटाने दुमडत राहिली. आणि अगदी हळू, जणू माझीच लाज राखत, बोलली.

"एक सांगू? राग मानू नका. तुमचं माप वहीत छत्तीस आहे ना, ते बारा वर्षांपूर्वीचं. मी ते कधी खोडलं नाय. कापताना एक्केचाळीस कापते. तुम्हाला बरं वाटतं, ब्लाऊजपण बसतो. कुणाचं काय बिघडलं?"

यावर काय बोलायचं ते मला दोन तासांनी सुचलं, भाजीवाल्यासमोर, हातात मेथीची जुडी धरून. तुम्ही वहीत काहीही लिहा, कापडावर खडू खऱ्या मापानेच चालवता, म्हणून ब्लाऊज बसतो. मी तुमच्या मुलीला एकवीस लिहून दिले तर नववीचं गणित काही तिच्या मापाने कापून मिळणार नाही. किती छान वाक्यं. त्या वेळी वर्गात मात्र मी एवढंच म्हटलं, "एक्केचाळीस?"

तिला हसू आलं. मलाही. हसता हसता तिने पदराने डोळे टिपले आणि मला कळलं की आता जे बोलायचं ते याच क्षणी, नाहीतर मी तो मार्क देऊन टाकीन.

"वहिनी, मी तो मार्क देणार नाही," मी म्हटलं. "हेडबाई नको म्हणतात, नियम आड येतो, असं सांगून मी तुम्हाला फिरवणार नाही. नाही मी म्हणतेय. तुम्हाला हेडबाईंकडे अर्ज करायचा असेल तर जरूर करा, मी कागद देते, मला वाईट वाटणार नाही. पण मे महिनाभर मी तिला रोज शिकवीन. जूनच्या परीक्षेपर्यंत. आणि तुमच्या मिस्टरांशी मी बोलते."

तिने अर्ज केला नाही. "तुम्ही मागे नाही बोललात, समोर बोललात," एवढं म्हणाली आणि पिशवीतून माझा ब्लाऊज काढून दिला. रातोरात शिवून, हुक लावून, इस्त्री करून आणला होता. नकार मिळाला तर परत न्यायचा, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. हे मला आजही टोचतं.

मे महिनाभर मुलगी रोज सकाळी आमच्या घरी आली. एक दिवस चुकली नाही. मी तिला घासाघासाने भरवावं तसं गणित शिकवलं. अपूर्णांक पोळीचे तुकडे करून, टक्केवारी आंब्याच्या पेटीवर. नवरा म्हणाला, आता मलाही येऊ लागलं. तिच्या बाबांनाही जाऊन भेटले. गेटवर उभ्याउभ्याच बोलणं झालं. ते खूप अदबीने बोलले, माझ्यासाठी खुर्ची मागवली, आणि म्हणाले, "जूनला पास झाली तर मी आडवा येणार नाही, बाई. शब्द."

फेरपरीक्षेचा पेपर मी तपासला नाही. दुसऱ्या शिक्षिकेला द्यायला सांगितला. न्याय व्हावा म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. मला तो हातात धरायचा नव्हता, हे कुणाला सांगितलं नाही.

बारा मार्क पडले.

माझ्या घरी शिकायला येण्याआधी तिला पंधरा होते. एक महिना मी शिकवलं आणि तीन कमी झाले. मी तो पेपर नंतर मागून घेतला आणि दोनदा, तीनदा पाहिला. एकही पायरी सुटलेली नव्हती. प्रत्येक उत्तरात तिने मी सांगितलेली आकृती काढली होती, पोळीचे तुकडेसुद्धा, पट्टीने, सुबक. उत्तरं चुकली होती.

बाबांनी शब्द पाळला, शाळा बंद केली. मी वहिनीकडे तीनदा गेले, सांगितलं की आठवी पुन्हा करू दे, चौदाव्या वर्षी शाळा सुटता कामा नये, शाळा तिचं नाव पटावरून काढणार नाही. वहिनी दर वेळी चहा करायची. मुलगी आतून मान खाली घालून म्हणायची की लहान मुलांबरोबर नाही बसायचं. बाबा म्हणाले, बघू पुढच्या वर्षी. सगळे माझ्याशी इतके चांगले वागले की भांडायलाही जागा ठेवली नाही.

नाव अजून पटावर आहे. रोज सकाळी हजेरीत मी ते वाचते, क्षणभर थांबते, आणि पुढचं वाचते.

परवा श्रावणातल्या एका डोहाळजेवणासाठी ब्लाऊज टाकायला गेले. वहिनी मशीनवर होती, काजं करत. म्हणाली, माप बाळ घेईल. मुलगी टेप गळ्यात घालून आली. मी दोन्ही हात वर केले. तिने टेप फिरवली, मागे जुळवली, आकड्याकडे पाहिलं आणि वही उघडून पेन हातात घेतलं.

"छत्तीसच राहू दे," मशीनवरून मान न उचलता वहिनी म्हणाली.

मुलीने पेनाला टोपण लावलं. माझे हात अजून वरच होते.

"झालं, बाई," ती म्हणाली. "हात खाली घ्या."