बावन्नची सरासरी

गेल्या वर्षी इंदिरानगरच्या मैदानावर आमच्या क्लबचे कोच मुलींची टीम निवडत होते. स्पर्धा वीस षटकांची, आणि एकच जागा उरलेली. मी क्लबची स्कोअरर, वही घेऊन बसले होते.

कोच म्हणाले, "यात विचार कसला? एकीची सरासरी बावन्न, दुसरीची एकोणीस."

बावन्नवाली माझी लेक. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण अर्धवट आकडा ऐकला की माझं डोकं फिरतं.

"सर, सरासरी काढताना किती वेळा बाद झाली त्यानं भागतात. ही पाच डावांत एकदाच बाद झालीय. पाच डावांच्या मिळून धावाच बावन्न, आणि चेंडू खाल्ले पासष्ट! दुसरी पाचही वेळा बाद झाली, पण साठ चेंडूंत पंच्याण्णव धावा करून."

"दोघी खेळायला कधी आल्या?" कोचनी विचारलं.

प्रश्न रास्त होता, नुसता स्ट्राइक रेट, म्हणजे शंभर चेंडूंमागे किती धावा, तोही फसवतो. मी वहीत बघून सांगितलं: दोघी त्याच पाच सामन्यांत, शेवटच्या पाच षटकांत आल्या होत्या. एकदा जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या, तेव्हा लेकीचं सावकाश खेळणं बरोबरच होतं. बाकी चारदा आमची पहिली बॅटिंग होती, विकेट शिल्लक होत्या, धावा हव्या होत्या.

जागा दुसरीला मिळाली. घरी लेकीला कसं सांगावं, याची जुळवाजुळव करत दार उघडलं. तिनं आधीच विचारलं, "आई, माझ्या बावन्नमध्ये चार नाबाद आहेत, ते सांगितलंस ना त्यांना?"