डायरेक्टरचा पगार

गेल्या वर्षी मी सहा लाख रुपये कर भरला आणि कर लागला नाही म्हणून पेढे वाटले.

कोल्हारजवळ आमची कडबाकुट्टी यंत्रं बनवायची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. डायरेक्टर दोनच, मी आणि बायको, शेअर निम्मेनिम्मे. वर्षाचा नफा साधारण चोवीस लाख. त्यावर कंपनीने सहा लाखांच्या आसपास कर भरला आणि उरलेले अठरा आम्ही डिव्हिडंड म्हणून नऊ-नऊ घेतले. बारा लाखांच्या आत उत्पन्न, म्हणून आम्हा दोघांना कर शून्य. डिव्हिडंडवर आधी कापलेले दहा टक्केही परत आले. ते आले त्या दिवशी मी अर्धा किलो पेढे आणले. कंपनीने भरलेले सहा लाख माझ्या डोक्यातच नव्हते. ते कंपनीने भरले होते ना, मी थोडेच!

पगार का घेतला नाही, हेही सांगून टाकतो. नगरच्या एमआयडीसीत पंधरा वर्षं दुसऱ्याच्या पगाराची वाट पाहिली होती. स्वतःच्या कंपनीत पुन्हा पगारी व्हायचं? मालक डिव्हिडंड घेतो, अशी माझी ऐट.

त्या ऐटीपायी पत्रा कापायचं मशीन राहिलं. आमचा पत्रा नगरहून कापून यायचा, त्यात दर ऑर्डरला चार-पाच दिवस जायचे आणि गिऱ्हाइकाचे फोन बायको घ्यायची. मशीनचं डाउन पेमेंट चार लाख. अठराच्या अठरा घरी नेल्यावर कंपनीत काय उरणार? घरातले काढावेत तर घराचा हप्ता आणि पोरीचं कॉलेज. बायको म्हणायची, "औंदा मशीन न्हाई आलं, तर मोठी ऑर्डर घेऊच नका. मी शिव्या खायला न्हाई बसले."

मार्चमध्ये यंदाच्या डिव्हिडंडची तयारी करायला आम्ही नगरला नव्या सीए मॅडमकडे गेलो. तिसगावच्या, वयाने आमच्यापेक्षा बऱ्याच लहान. मी शून्य कराची माझी करामत सांगितली. त्यांनी कागदावर मधोमध रेघ मारली.

"दादा, तुमचा कर आणि कंपनीचा कर एकाच खिशातून जातो. दोन्ही मिळून बघा. डिव्हिडंड कर भरून उरलेल्यातून द्यायचा असतो. पगार मात्र कंपनीचा खर्च आहे, तो नफ्यातून आधीच वजा होतो."

मग हिशेब. डिव्हिडंडच्या बाजूला एकूण कर सहा लाख. पगाराच्या बाजूला दोघांचा मिळून अठरा लाख पगार, कंपनीचा नफा उरला सहा, त्यावर कर दीड लाख. आम्हाला दोघांना कर शून्यच, फक्त वर्षाला अडीच-अडीच हजार व्यवसाय कर.

"म्हणजे घरी तेवढेच अठरा," बायको हळूच म्हणाली, "आन् कंपनीत साडेचार राहिले."

"बरोबर, वहिनी."

"मशीन आलं की हो!"

मी म्हणालो, "मग मागच्या एप्रिलपासून नऊ-नऊ लावून टाका."

"मागची तारीख टाकायची नाही. यंदाचा कर गेला. या एप्रिलपासून ठराव करा, दर महिन्याला बँकेतून पगार. आणि तो कामाच्या मानाने वाजवी हवा, नाहीतर अधिकारी जास्तीचा भाग खर्च म्हणून धरणार नाही. दोघांची कामं लिहून द्या."

त्यांच्याच टेबलावर लिहायला बसलो. बायकोने ऑर्डरी, पत्र्याची खरेदी, वेल्डरांची हजेरी, वसुली, जीएसटीची बिलं, दुरुस्तीच्या तक्रारी असं करत पान भरलं आणि ती पानाच्या मागच्या बाजूला वळली. नऊ वर्षं ती हे सगळं बिनपगारी करत होती, हे मला तेव्हा कागदावर दिसलं. मी लिहिलं, 'सर्वसाधारण देखरेख'. बराच विचार करून खाली 'पाहुण्यांशी संबंध' जोडलं.

मॅडमनी दोन्ही कागद वाचले. "नऊ-नऊ नको. वहिनींना बारा, तुम्हाला सहा. एकूण कर तेवढाच येतो, आणि कुणी विचारलं तर मला उत्तर देता येईल."

एप्रिलअखेरीस बायकोच्या मोबाईलवर एक लाखाचा मेसेज आला. शेडच्या दारात उभी राहून तिने तो दोनदा वाचला, मग मशीनवाल्याला फोन लावून कोटेशन मागवलं. डाउन पेमेंटपुरते पैसे या वर्षी कंपनीत राहणार, हे तिने बोटांवर मोजून ठेवलेलं होतं.

मला जरा उत्साह आला. म्हटलं, "मशीन आलं की माझं काम वाढेल. पुढच्या वर्षी माझ्या पगाराचं बघावं लागेल."

तिने फोन कानापासून बाजूला धरला. "अहो, आधी सहा लाखांचं तरी काम करा."