अडतीसवर थांबलेला आकडा

मी ज्या कंपनीत काम करते ती घरपोच औषधं पोचवते. ऑफिस खराडीला, गोडाउन विश्रांतवाडीला. माझं काम सर्व्हर सांभाळायचं. म्हणजे सगळं नीट चाललेलं असताना कुणाला माझी आठवण यायचं कारण नाही, आणि काही बिघडलं की सगळ्यांना एकदम येते.

आमचे सर मूळचे पुण्याच्या शनिवार पेठेतले, बोलणं तसंच. एका बैठकीत मी सर्व्हरचे आलेख दाखवत होते. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"सर्व्हर जिवंत आहे हे कळलं. दुकान चालू आहे का, ते कुठे दिसतंय?"

दिसत नव्हतं. आमच्या प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम असतो, नोड एक्स्पोर्टर. तो मेमरी किती वापरली, डिस्क किती भरली असे आकडे एका पानावर मांडून ठेवतो. दर पंधरा सेकंदांनी प्रोमिथियस नावाचा दुसरा प्रोग्राम येतो, ते पान वाचतो, आकडे साठवतो आणि आम्ही त्याचे आलेख बघतो. पण मिनिटाला किती ऑर्डरी आल्या हे त्या बिचाऱ्या प्रोग्रामला कुठून ठाऊक असणार? ते फक्त डेटाबेसला माहीत.

त्यासाठी एक साधी सोय आहे. एक फोल्डर ठरवून द्यायचा. त्यात नावाच्या शेवटी 'प्रॉम' असलेली फाइल ठेवायची आणि तिच्यात एका ओळीत नाव नि आकडा लिहायचा. नोड एक्स्पोर्टर स्वतःच्या आकड्यांबरोबर तोही पानावर मांडतो. मी दहा ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. दर मिनिटाला ती डेटाबेसला विचारी, गेल्या मिनिटात ऑर्डरी किती, आणि उत्तर फाइलीत लिही.

पहिल्या दिवशी रेषेला मध्येमध्ये खाचा पडायला लागल्या. स्क्रिप्ट फाइल आधी रिकामी करायची आणि मग डेटाबेसच्या उत्तराची वाट बघायची. नेमक्या त्या दोन सेकंदांत वाचणारा आला की त्याला कोरी फाइल मिळायची. म्हणून मी त्याच फोल्डरात दुसऱ्या नावाने पूर्ण फाइल लिहायची आणि मग तिचं नाव बदलून जुनीच्या जागी बसवायची, असं केलं. नाव बदलणं एका क्षणात होतं, अर्धवट काही दिसत नाही. खाचा गेल्या. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

स्क्रिप्ट तपासताना एका सहकाऱ्याने लिहिलं होतं, "मिनिटाचा आकडा कशाला देतेस? आजवरच्या एकूण ऑर्डरी दे. मिनिटाचा वेग प्रोमिथियस काढेल." मी लिहिलं, "नंतर करते." भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आकडा झळकायला लागला होता, सर जाता येता बघत होते. पाच मिनिटं आकडा पाचाच्या खाली राहिला की माझा फोन वाजेल, असा गजरही लावला होता. आणखी काय पाहिजे?

तो सोमवार होता. पावणेअकराच्या सुमारास गोडाउनमधून फोन आला. तिथल्या पॅकिंगच्या प्रमुख बाईंना सगळे ताईच म्हणतात. पन्नाशी ओलांडलेल्या, आवाज खणखणीत.

"मॅडम, ऑर्डरी येत नाहीत का? बराच वेळ झाला, आमच्याकडे एक चिठ्ठी छापून आली नाही."

मी पडद्याकडे बघितलं. अडतीस.

"येतायत की ताई. मिनिटाला अडतीस. तुमचा प्रिंटर बघा ना जरा."

"बघितला. कागद आहे, दिवा हिरवा आहे."

"बंद करून चालू करा. इकडे सगळं ठीक आहे, काळजी करू नका."

पाच मिनिटांनी परत फोन. प्रिंटर चालू आहे, चाचणीचा कागद छापला, चिठ्ठी नाही. मी परत पडदा बघितला. अडतीस. सर्व्हरवरचा ताणही कमीच होता. मी म्हटलं, "ताई, ऑर्डरी तर येतायत. मी तुमचं नेटवर्क बघायला सांगते."

त्या म्हणाल्या, "बरं. मग गिऱ्हाइकांना तुमचा आकडाच पॅक करून पाठवते. एक बाई तीनदा फोन करून थकल्या, इन्सुलिन संपलंय त्यांचं. ॲपवर नुसतं चक्र फिरतंय म्हणतात."

फोन बंद झाला. माझे बाबा रोज दोनदा इन्सुलिन घेतात. फ्रिजच्या दारातली शेवटची बाटली संपत आली की आमच्या घरात कसं वातावरण असतं, ते मला माहीत आहे.

मी आलेख मोठा केला. दहा वाजून बारा मिनिटांपर्यंत रेषा नेहमीसारखी, पस्तीस, एकेचाळीस, तेहतीस, अशी वरखाली. त्यानंतर पट्टी धरून ओढल्यासारखी सरळ. अडतीस, अडतीस, अडतीस. माणसं अशी औषधं मागवत नाहीत.

सर्व्हरवर शिरून फाइलीची वेळ बघितली. दहा वाजून बारा. घड्याळात दहा त्रेपन्न. एक्केचाळीस मिनिटं त्या फाइलीला कुणी हात लावला नव्हता. नोड एक्स्पोर्टर इमानदारीने तोच जुना आकडा मांडत होता, प्रोमिथियस दर पंधरा सेकंदांनी तोच वाचून नेत होता, आणि अडतीस काही पाचाच्या खाली नसल्यामुळे माझा गजर शांत होता.

स्क्रिप्ट हाताने चालवली. ती सुरू झाली आणि तशीच बसली. डेटाबेस उत्तरच देत नव्हता. आत बघितलं तर रांग लागली होती. कुणाच्या तरी जुन्या रिपोर्टची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, ऑर्डरींचं टेबल धरून बसली होती. तिच्यामागे त्याच टेबलात नवा रकाना घालायची सकाळची आज्ञा ताटकळत होती. आणि त्या आज्ञेच्या मागे सगळं गाव. ऑर्डर देणारी माणसं, ऑर्डर वाचणारा प्रिंटर आणि माझी स्क्रिप्ट. एक नव्हे, एक्केचाळीस. दर मिनिटाला नवी सुरू व्हायची आणि आधीच्या अडकलेलीच्या मागे उभी राहायची. नुसतं थांबणं सगळं, म्हणून सर्व्हरवर ताण नव्हता.

मी त्या सहकाऱ्याला हाक मारली. त्याने खुर्चीत न बसताच ती रिपोर्टची क्वेरी थांबवली. रांग सरकली. दहा अठ्ठावन्नला आकडा हलला. एकशे बारा. मला बरं वाटायला हवं होतं. पण मी तो आकडा खरा आहे का, म्हणून डेटाबेसला पुन्हा विचारलं. मग पुन्हा.

सरांना मी स्वतः जाऊन सांगितलं. डेटाबेस अडकला हे सांगणं सोपं होतं. गोडाउनमधून दोनदा फोन आला आणि दोन्ही वेळा मी दोष त्यांच्याकडेच ढकलला, हे सांगणं अवघड गेलं.

सर म्हणाले, "म्हणजे पडदा नसता तर तू पहिल्याच फोनला उठली असतीस."

"हो."

"मग आधी तो पडदा बंद कर."

केला. दुपारी रिक्षा करून विश्रांतवाडीला गेले. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते, एकही धड जमलं नाही. ताई टेबलाशी उभ्या राहून चिठ्ठ्या लावत होत्या. मी म्हटलं, "चूक माझी होती. तुम्ही खरं सांगत होतात."

"मला माहीत होतं मी खरं सांगत होते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून जरा आवाज उतरवला. "त्या बाईंची ऑर्डर मी फोनवरच लिहून घेतली आणि आमच्या माणसाला येरवड्याला पाठवलं. पोचलं इन्सुलिन. बसा."

मी बसले. त्यांनी विचारलं, "तो आकडा येतो तरी कुठून?" मी सांगितलं. एक स्क्रिप्ट फाइलीत लिहिते, दुसरा प्रोग्राम ती वाचून दाखवतो. लिहिणारी अडकली, वाचणारा जुनंच वाचत राहिला.

"मग लिहिलं कधी, ते लिहीत नाही का तुम्ही?"

त्या मला औषधांच्या मोठ्या फ्रिजपाशी घेऊन गेल्या. दारावर तक्ता लटकत होता. तापमान, शेजारी वेळ, शेजारी सही. "नुसतं पाच अंश लिहून चालत नाही. कधीचे पाच? सकाळचे की कालचे? वेळेचा रकाना रिकामा दिसला की तपासणीला येणारे साहेब पूर्ण पान बाद करतात."

मी त्या तक्त्यासमोर उभी राहिले. आमच्या फाइलीत आकड्याशेजारी स्वतः वेळ लिहिलेली चालत नाही, नोड एक्स्पोर्टर ती फाइलच नाकारतो. पण फाइल शेवटची कधी बदलली, हे तो आपण होऊन वेगळ्या आकड्यात सांगत असतो. पहिल्या दिवसापासून सांगत होता. मी कधी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळं नव्याने बांधलं. मिनिटाचा आकडा काढून टाकून आजवरच्या एकूण ऑर्डरी द्यायला लागले आणि वेग काढायचं काम प्रोमिथियसकडे दिलं. आता स्क्रिप्ट मेली तर एकूण आकडा वाढायचा थांबेल, वेग शून्यावर येईल, सरळ अडतीस दिसणार नाही. डेटाबेस वीस सेकंदांत बोलला नाही तर स्क्रिप्टने सोडून द्यायचं, आणि एक चालू असताना दुसरीने सुरू व्हायचं नाही. फाइल तीन मिनिटांपेक्षा जुनी झाली तर वेगळा गजर. फाइल दिसेनाशीच झाली तरी गजर. दोन्हींचा संदेश माझ्या फोनवर आणि ताईंच्याही.

पण लिहिलेलं चालतं यावर माझा आता विश्वास बसत नव्हता. दुपारी बारा वाजता, सरांना विचारून, मी स्क्रिप्ट मुद्दाम बंद केली आणि फोन समोर ठेवून बसले. एक मिनिट. दोन. तीन. फोन गप्प. साडेतीन. मला नियमातला एकेक शब्द आठवायला लागला, कुठे चुकले असेन. सहकारी म्हणाला, "अगं, तीन मिनिटं जुनी व्हायला हवी, मग तपासायची पाळी यायला हवी, मग संदेश निघणार." मला हे माहीत होतं. माहीत असून उपयोग नव्हता.

चार मिनिटं होऊन गेल्यावर फोन थरथरला. फाइल जुनी झाली आहे. मी श्वास सोडते न सोडते तोच तो वाजला. ताई.

"काय हो, बंद पडलं?"

"नाही ताई, मी बंद केलंय. गजर वाजतो का बघत होते."

"मग आधी सांगायचं ना. मी इथे टेबल सोडून उठले."

मी माफी मागितली आणि स्क्रिप्ट चालू केली. मिनिटाभराने फाइल ताजी झाली, थोड्या वेळाने गजर मिटल्याचा संदेशही आला. पडदा सरांनी आठवड्याने पुन्हा लावू दिला. वेगाच्या खाली आता फाइल किती सेकंदांपूर्वीची आहे तेही दिसतं. बाकीचे वरचा आकडा बघतात. माझी नजर आधी खाली जाते. दहा, पंचवीस, चाळीस, पंचावन्न. पंचावन्नला आला की आजही माझं बोलणं अर्ध्यावर थांबतं, तो परत खाली येईपर्यंत.